श्वासांची शर्यत : आधी कोण मरणार?

गो शिकणाऱ्याला पहिल्या काही डावांतच एक पेच पडतो. काळ्याचा एक गट पांढऱ्याने कोंडलेला असतो. कोंडणाऱ्या पांढऱ्या सोंगट्यांचाच एक गट काळ्याने कोंडलेला असतो. दोघांनाही निसटायला वाट नाही आणि जगायला पुरेशी जागाही नाही. अशा वेळी एकाला दुसऱ्याला उचलूनच जगता येते. मग आधी कोण मरणार? बहुतेक नवे खेळाडू इथे अंदाजाने चाली टाकतात. पण या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा मोजून काढता येते, आणि तेही पहिली चाल टाकण्याआधी.

जपानीत या झुंजीला 'सेमेआई' म्हणतात, म्हणजे एकमेकांवर चढाई. या प्रकरणात तिला श्वासांची शर्यत म्हटले आहे, कारण सोंगटीला लागून असलेल्या मोकळ्या छेदबिंदूला चिनी लोक 'ची' म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थ हवा, श्वास असाच आहे.

१. श्वास म्हणजे काय

गोच्या पटावर १९ आडव्या आणि १९ उभ्या रेषा असतात. सोंगट्या चौकोनांत ठेवत नाहीत, रेषांच्या छेदबिंदूंवर ठेवतात. एकदा ठेवलेली सोंगटी हलत नाही. तिच्या वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे रेषेने जोडलेला जो बिंदू मोकळा असेल, तो तिचा श्वास. तिरका बिंदू धरत नाहीत. एकाच रंगाच्या सोंगट्या रेषेने जोडलेल्या असल्या की त्यांचा गट होतो आणि त्यांचे श्वासही एकत्र मोजले जातात. प्रतिस्पर्ध्याने गटाचा शेवटचा श्वास बुजवला की सगळा गट पटावरून उचलला जातो. एकच श्वास उरला असेल तर त्या अवस्थेला 'अतारी' म्हणतात.

आणखी एक नियम पुढे सतत लागेल. ज्या बिंदूवर ठेवताच आपल्याच सोंगटीला एकही श्वास उरत नाही, तिथे ती ठेवता येत नाही. तिने त्याच चालीत समोरचा गट उचलला, तर मात्र चालते.

खालच्या चित्रातली क ही ओळ पटाची खालची कड आहे. ठिपके म्हणजे मोकळे बिंदू.

```
     १ २ ३ ४ ५ ६ ७ ८
ग    ● ● ● ● ○ ○ ○ ○
ख    ● ○ ○ ○ ● ● ● ○
क    · · · · · · · ·
```

ख२ ते ख४ या तीन पांढऱ्या सोंगट्या काळ्याच्या कोंडीत आहेत. ख५ ते ख७ या तीन काळ्या सोंगट्या पांढऱ्याच्या कोंडीत आहेत. कोंडी करणारे बाहेरचे दोन्ही गट वरच्या बाजूला सुखरूप जोडलेले आहेत असे धरायचे. पांढऱ्या तिघांचे श्वास क२, क३ आणि क४. काळ्या तिघांचे क५, क६ आणि क७.

२. सगळ्यात साधी शर्यत

दोन पणत्या शेजारी जळताहेत आणि दोन माणसे पाळीपाळीने समोरच्याच्या पणतीतले चमचाभर तेल काढून घेताहेत, अशी कल्पना केली तर ही शर्यत समजते. ज्याची पणती आधी विझेल तो हरला. तेल सारखेच असेल, तर ज्याने पहिला चमचा काढला तो जिंकतो.

चित्रात ३ विरुद्ध ३ आहेत. पाळी काळ्याची असेल तर तो क२ बुजवतो. पांढरा क७ बुजवतो. काळा क३, पांढरा क६. आता दोघांचाही एकेक श्वास उरला आहे आणि पाळी काळ्याची आहे. तो क४ वर सोंगटी ठेवतो आणि तिन्ही पांढऱ्या सोंगट्या उचलतो. पाळी पांढऱ्याची असती तर हेच सगळे आरशात दिसावे तसे उलटे घडले असते.

नियम असा : ज्याची पाळी आहे, त्याचे श्वास समोरच्याइतके किंवा जास्त असले की तो जिंकतो. ज्याची पाळी नाही, त्याला जिंकायला निदान एक श्वास जास्त लागतो.

या नियमाचा दुसरा भाग नवे खेळाडू विसरतात. काळ्याचे ५ आणि पांढऱ्याचे ३ श्वास असतील तर पांढरा आधी खेळला तरी काळाच जिंकतो. मग पाळी काळ्याची असताना त्याने इथे चाल टाकणे म्हणजे जिंकलेल्या शर्यतीवर एक चाल फुकट घालवणे. ती चाल पटावर दुसरीकडे कामी आली असती. हरलेल्या शर्यतीचेही तसेच. ३ विरुद्ध ५ असताना एकेक श्वास बुजवत राहिल्याने निकाल बदलत नाही. उलट, पुढे कधी उपयोगी पडेल असे तिथे जे थोडेफार असते तेही संपते.

श्वास बुजवण्याऐवजी स्वतःचे श्वास वाढवणेही शक्य असते. एक श्वास वाढवणारी चाल आणि समोरच्याचा एक श्वास बुजवणारी चाल, दोन्हींचे मोल सारखेच. पण दोन श्वास वाढवणारी चाल सापडली तर तीच आधी खेळायची, कारण एका चालीत फरक दोनाने बदलतो. मोकळ्या बाजूला सरकणारी सोंगटी अनेकदा असे दोन श्वास देऊन जाते.

३. सामायिक श्वास शेवटी

आता चित्रात एकच बदल करू. क४ वर आणखी एक पांढरी सोंगटी आहे असे समजायचे. पांढऱ्याचे श्वास क२, क३ आणि क५ झाले. काळ्याचे क५, क६ आणि क७ आहेतच. क५ दोघांचाही आहे. असा बिंदू म्हणजे सामायिक श्वास, दोन शेतांमधल्या बांधासारखा. बाकीचे स्वतःचे श्वास : पांढऱ्याचे क२ आणि क३, काळ्याचे क६ आणि क७.

पाळी काळ्याची आहे. त्याला वाटले की क५ बुजवला की समोरच्याचा एक श्वास कमी, म्हणून त्याने तिथेच सोंगटी ठेवली. पांढऱ्याचा एक श्वास खरेच गेला. पण तो काळ्याचाही होता. आता दोघांकडे दोन-दोन उरले आणि पाळी पांढऱ्याकडे गेली. पांढरा क७, काळा क२, पांढरा क६ आणि काळ्याचा सगळा गट उचलला गेला.

तोच काळा बाहेरून आला असता तर? काळा क२, पांढरा क७, काळा क३, पांढरा क६. आता दोघांपाशी फक्त क५ उरला आहे आणि पाळी काळ्याची आहे. तो तिथे सोंगटी ठेवून पांढऱ्याला उचलतो. सोंगट्या त्याच, श्वास तेवढेच, पाळीही त्याचीच. फक्त क्रम चुकल्याने जिंकलेली शर्यत हातची गेली असती. म्हणून आधी समोरच्याचे स्वतःचे श्वास बुजवायचे आणि सामायिक श्वासाला सगळ्यात शेवटी हात लावायचा.

४. दोन किंवा जास्त सामायिक श्वास

सामायिक श्वास एकच असेल तर तो मोजणीत धरायची गरज नाही. दोघांच्या स्वतःच्या श्वासांची तुलना पुरते. दोन झाले की शर्यतीचे रूपच पालटते.

दोन सामायिक श्वास आहेत आणि बाकी कोणाकडेच काही उरलेले नाही असे समजू. त्यातला एक जो बुजवेल, त्याच्याकडे एकच श्वास उरेल आणि समोरचा त्याला लगेच उचलेल. म्हणजे दोघांपैकी कोणीच हात लावत नाही. डाव संपेपर्यंत दोन्ही गट तसेच राहतात आणि दोन्ही जिवंत धरले जातात. या कोंडीला 'सेकी' म्हणतात. पणतीच्या भाषेत, दोन्ही वाती एकाच वाटीतल्या तेलावर जळताहेत. त्या वाटीतून चमचा काढणारा स्वतःचेही तेल काढतो.

त्यामुळे सामायिक श्वास दोन किंवा जास्त असले की कोणाची धडपड कशासाठी आहे हे आधी ठरवावे लागते. ज्याच्याकडे स्वतःचे श्वास जास्त, तो समोरच्याला मारू पाहतो. कमी असलेला जिंकू शकत नाही, तो फक्त सेकी मिळवून वाचू पाहतो. मारणाऱ्याला समोरच्याचे श्वास बुजवून वर सामायिक श्वासही स्वतःच बुजवावे लागतात, कारण दुबळा त्यांना हात लावणार नाही. म्हणून दुबळ्याची गणती त्याचे स्वतःचे श्वास अधिक सामायिक श्वास, वजा एक अशी करतात. वजा एक यासाठी की शेवटचा सामायिक श्वास बुजवतानाच तो उचलला जातो. बलवानाचे मात्र फक्त स्वतःचे श्वास मोजायचे.

आकड्यांनी पाहू. काळ्याचे स्वतःचे ४, पांढऱ्याचे स्वतःचे २, सामायिक ३. पांढऱ्याची गणती २ अधिक ३ वजा १, म्हणजे ४. काळ्याचीही ४. गणती सारखी, म्हणजे पाळीवर निकाल. काळा आधी खेळला तर तो पांढऱ्याचे दोन श्वास बुजवतो आणि तोवर पांढरा काळ्याचे दोन बुजवतो. मग काळा सामायिक तिनांपैकी एक बुजवतो, पांढरा काळ्याचा तिसरा. काळा दुसरा सामायिक बुजवतो, पांढरा काळ्याचा चौथा. आता एकच सामायिक श्वास उरला आहे आणि पाळी काळ्याची, म्हणजे पांढरा मेला. पांढऱ्याने आधी सुरुवात केली असती, तर काळ्याचे चारही श्वास संपले तेव्हा दोन सामायिक श्वास शिल्लक राहिले असते आणि पाळी काळ्याची असती. ती सेकी. वरवर पाहता ४ विरुद्ध २ म्हणजे काळ्याची भक्कम आघाडी वाटते. प्रत्यक्षात ती एका चालीवर टांगलेली होती.

५. डोळा असला तर

गटाने चहूबाजूंनी वेढलेला स्वतःचा मोकळा बिंदू म्हणजे डोळा. असे दोन वेगळे डोळे असलेला गट मरत नाही. शर्यतीत मात्र एक डोळासुद्धा मोठा फरक पाडतो.

पुन्हा त्याच चित्राकडे. क४ वरच्या पांढऱ्या सोंगटीबरोबर आता क२ वरही एक पांढरी सोंगटी आहे असे धरायचे. क३ चहूकडून पांढऱ्याने वेढला गेला, तो त्याचा डोळा झाला. पांढऱ्याचे श्वास : बाहेरचा क१, डोळा क३, सामायिक क५. काळ्याचे : क६, क७ आणि सामायिक क५. दोघांचे तीन-तीन आणि पाळी काळ्याची आहे. दुसऱ्या भागातल्या नियमाने काळा जिंकायला हवा.

तो क१ बुजवतो. पांढरा क७. आता काळ्याला पांढऱ्याचे क३ आणि क५ बुजवायचे आहेत. क३ वर तो अजून ठेवू शकत नाही, कारण तिथे त्याच्या सोंगटीला एकही श्वास नाही. डोळा नेहमी सगळ्यात शेवटी बुजतो. म्हणून क५ बुजवणे त्याला भाग आहे. तसे करताच त्याच्याकडे फक्त क६ उरतो आणि पांढरा तिथे ठेवून त्याला उचलतो.

घडले असे की सामायिक श्वास काळ्यालाच बुजवावा लागला. पांढऱ्याला घाई नव्हती, त्याचा शेवटचा श्वास डोळ्यात सुरक्षित होता. म्हणून एकाला डोळा आहे आणि दुसऱ्याला नाही, तर सगळे सामायिक श्वास डोळ्यावाल्याच्या खात्यावर धरायचे. पांढऱ्याचे ३, काळ्याचे २. हा हिशेब आधी केला असता तर काळ्याने ही शर्यत सुरूच केली नसती. डोळा असलेला डोळा नसलेल्याला मारतो अशा अर्थाची म्हण चिनी आणि जपानी खेळाडूंमध्ये रुळलेली आहे. पण ती नेहमी खरी नसते. काळ्याचे स्वतःचे श्वास पाच-सहा असते तर पांढऱ्याचा डोळा त्याला वाचवू शकला नसता. म्हण आठवून थांबायचे नाही, मोजायचे.

दोघांनाही सारखाच लहान डोळा असेल आणि एक जरी सामायिक श्वास असेल, तर तो कोणीच आधी बुजवू शकत नाही आणि दुबळा पुन्हा सेकीची वाट धरतो.

६. मोठ्या डोळ्यात किती श्वास

डोळा एकाच बिंदूचा असतो असे नाही. तीन, चार, पाच बिंदूंचीही सलग पोकळी असते आणि तिचा एकच डोळा ठरू शकतो. चार बिंदूंची पोकळी म्हणजे चार श्वास, असेच कोणालाही वाटेल. पण तिच्यात ५ श्वास असतात. पाच बिंदूंच्या पोकळीत ८ आणि सहा बिंदूंच्या पोकळीत १२. तीन बिंदूंच्या पोकळीत मात्र तीनच.

हे जास्तीचे श्वास कुठून आले, हे चार बिंदूंवरून दिसते. हल्ला करणारा आत एकामागून एक तीन सोंगट्या ठेवतो. चौथा बिंदू बुजला की डोळ्यावाला मरणार, म्हणून डोळ्यावाला स्वतः त्या चौथ्या बिंदूवर सोंगटी ठेवतो आणि आतल्या तिघांना उचलतो. आता आत तीन बिंदूंची पोकळी उरली आणि हल्लेखोराला ती पहिल्यापासून भरायची आहे. हल्लेखोराच्या तीन चाली झाल्या, डोळ्यावाल्याची एक खर्ची पडली, म्हणजे हल्लेखोराच्या निव्वळ दोन. उरलेल्या तीन बिंदूंना तीन. एकूण पाच. पाच बिंदूंना हीच रीत लावली तर चार चाली वजा एक, अधिक पाच, म्हणजे ८. सहाला पाच वजा एक, अधिक आठ, म्हणजे १२. हल्लेखोराच्या काही सोंगट्या आधीच आत असतील तर तेवढे आकडे वजा करायचे.

चार किंवा अधिक बिंदूंचा डोळा लहान डोळ्यासमोरही सामायिक श्वास आपल्याकडे ओढतो. दोघांचे डोळे मोठे असतील तर ज्याचा जास्त मोठा, त्याचे सामायिक श्वास.

एक पूर्ण उदाहरण. काळ्याला पाच बिंदूंचा डोळा आहे आणि आत पांढऱ्याच्या तीन सोंगट्या आहेत. बाहेर काळ्याचा एक श्वास आहे. सामायिक श्वास दोन. पांढऱ्याला डोळा नाही, पण त्याचे स्वतःचे ७ श्वास आहेत. पटावर नजर टाकली तर काळ्याच्या डोळ्यात दोनच बिंदू मोकळे दिसतात. बाहेरचा एक आणि सामायिक दोन धरून त्याचे पाच श्वास वाटतात आणि पांढऱ्याचे नऊ. हिशेब वेगळे सांगतो. डोळ्याचे ८ वजा ३, म्हणजे ५. बाहेरचा १. सामायिक २ काळ्याच्या खात्यावर. एकूण ८. पांढऱ्याचे सामायिक धरायचे नाहीत, म्हणून ७. पाळी पांढऱ्याची असली तरी काळा एका श्वासाने जिंकतो. पांढऱ्याचा बाहेर आणखी एकच श्वास असता तर ८ विरुद्ध ८ झाले असते आणि पांढऱ्याने आधी सुरुवात करून शर्यत मारली असती.

७. मोजणी कुठे फसते

हिशेब बरोबर करूनही हरणारे खेळाडू बहुधा दोन ठिकाणी फसतात.

पहिले ठिकाण म्हणजे लगेच बुजवता न येणारा श्वास. बहुतेक वेळा पटाच्या कडेला असे होते. पांढरा काळ्याच्या श्वासावर सोंगटी ठेवतो आणि ती ठेवताच तीच अतारीत येते. काळा तिला उचलतो आणि त्याला नवा श्वास मिळतो. म्हणून पांढऱ्याला आधी शेजारच्या बिंदूवर एक आधाराची सोंगटी ठेवावी लागते, मगच तो श्वास बुजवता येतो. एका श्वासासाठी दोन चाली जातात, म्हणून मोजताना तो श्वास दोन धरायचा. मोजणी करताना प्रत्येक श्वासाजवळ थांबून विचारावे : इथे सोंगटी ठेवली तर ती अतारीत येईल का?

दुसरे ठिकाण म्हणजे 'को'. एका बिंदूवर दोघे आळीपाळीने एकमेकांची एकेक सोंगटी उचलू शकतात तेव्हा को होतो. पटाची स्थिती लगेच पूर्वीसारखी करता येत नाही, म्हणून ज्याची सोंगटी उचलली गेली त्याला आधी दुसरीकडे चाल खेळावी लागते. ही धमकीची चाल अशी असते की समोरच्याला तिला उत्तर द्यावेच लागते. मगच परत उचलता येते. शर्यतीत को असला तर तो शेवटी उचलायचा. बाकीचे श्वास बुजवण्याआधीच को उचलला तर पुढच्या चालीत जिंकता येत नाही, आणि समोरच्याला तो परत उचलायला वेळ मिळतो. मग धमकीच्या चाली शोधण्याची वेळ स्वतःवर येते. बाकी सगळे बुजल्यावर को उचलला तर पहिली धमकी शोधण्याचे काम समोरच्याचे. तिला उत्तर न देता शर्यत संपवायची की नाही, हे मग उचलणारा ठरवतो.

श्वासांचा आकडा सारखा असूनही ज्याला बाकीचे श्वास बुजवण्याआधीच को उचलावा लागतो तो मागे असतो. अशा शर्यतीत धमकीच्या चाली पटावर कोणाकडे किती आहेत, हेही श्वासांबरोबरच मोजावे लागते.